आकडा बदलला की आलेखाचं काय होतं: दुरुस्त्यांची मर्यादा मी कशी ठरवली

२०२३ च्या जूनमध्ये वाशीतल्या एका सामाजिक संस्थेने मला त्यांच्या वार्षिक अहवालाचं काम दिलं. चौदा आलेख आणि मधल्या दोन पानांवर पसरलेलं एक मोठं इन्फोग्राफिक, सगळं मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्यांसाठी. ऐरोलीतली एमआयएसची, म्हणजे कंपनीचे आकडे गोळा करून अहवाल काढण्याची, नोकरी सोडून मी ठाण्यात घरून काम करायला लागले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि एवढं मोठं काम पहिल्यांदाच हातात आलं होतं. एका आलेखाचे २,५०० रुपये आणि इन्फोग्राफिकचे ७,००० असे मिळून मी ४२,००० रुपये सांगितले. अंदाजे साठ तास लागतील, म्हणजे तासाला ७०० पडतील, असा हिशेब होता. ईमेलच्या शेवटी मी एक ओळ लिहिली: "आवश्यक त्या दुरुस्त्या यात धरल्या आहेत."

त्या ओळीची किंमत मला सप्टेंबरात कळली. वेळ लिहून ठेवायची सवय नोकरीतून आलेली असल्यामुळे माझ्याकडे नोंद होती. साठऐवजी १३१ तास लागले होते, म्हणजे तासाला ३२० रुपये. त्यातले ५८ तास सगळं पहिल्यांदा उभं करण्यात गेले, तेवढा माझा अंदाज बरोबर होता. उरलेले ७३ तास दुरुस्त्यांचे. रंग बदला, हा आलेख वर घ्या, शीर्षक लहान करा अशा बदलांनी माझा जीव खाल्ला असं मला त्या काळात सतत वाटत होतं, पण नोंदी मांडल्यावर त्या सगळ्याचे मिळून १७ तासच भरले. दोन भाषांमधल्या शब्दांच्या दुरुस्त्यांचे १२. बाकी ४४ तास फक्त आकडे बदलले म्हणून गेले होते.

नेमकं काय झालं ते सांगते, कारण पुढे मी जे नियम केले ते सगळे यातूनच आले. संस्थेने सुरुवातीला पाठवलेल्या शीटमध्ये वर्षभरात पोचलेली मुलं होती १,१८,४६०. इन्फोग्राफिकमध्ये मी एक हजार मुलांमागे एक आकृती धरली होती. बारा-बारा आकृत्यांच्या दहा ओळी, शेवटच्या ओळीत दोन कमी, असा ११८ आकृत्यांचा छान ठाशीव चौकोन बसला होता. बाजूला मजकूर, खाली रेषा, दोन्ही पानं मंजूर झाली. ऑगस्टच्या अखेरीस समन्वयक ताईंचा फोन आला. "अगं, एक लहानसा बदल आहे. एकूण मुलांचा आकडा ९७,३१५ कर."

जी मुलं वाचन केंद्रात येतात त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांची आरोग्य तपासणीही झाली होती, आणि दोन्ही कार्यक्रमांच्या याद्या एकाखाली एक चिकटवल्यामुळे ती मुलं दोनदा मोजली गेली होती. तालुकावार यादी दुसऱ्या कार्यकर्त्याने केली होती आणि त्याने प्रत्येक मूल एकदाच धरलं होतं. ऑडिटच्या वेळी दोन बेरजा समोरासमोर आल्या आणि २१,१४५ चा फरक दिसला. ताईंनी आकडा बदलायला सांगितला यात त्यांची काहीच चूक नव्हती. मुलं दोनदा मोजून छापणं हे वाईटच झालं असतं.

पण एकूण आकडा हा कधी एकटा नसतो, तो बाकीच्या आलेखांच्या छेदात बसलेला असतो. ४१,३०० मुलांची आरोग्य तपासणी झाली होती. १,१८,४६० पैकी ते ३५ टक्के होतात आणि ९७,३१५ पैकी ४२ टक्के. त्यामुळे तो वर्तुळाकार आलेख बदलला, त्याखालचं वाक्य बदललं, मागच्या वर्षाशी केलेली तुलना बदलली. चौदापैकी नऊ आलेखांना हात लावावा लागला. इन्फोग्राफिकमध्ये ११८ च्या जागी ९७ आकृत्या आल्या, म्हणजे बाराच्या आठ ओळी आणि नवव्या ओळीत एकच आकृती. तो चौकोन मोडलाच. मग आठ ओळींना वेगळी रुंदी, मजकुराला वेगळी जागा, आणि दोन्ही पानांची मांडणी पहिल्यापासून.

आता प्रश्न असा की आकडा बदलायला एवढा वेळ का लागावा? शीटमध्ये तर तो पाच सेकंदांत बदलतो. संस्थेच्या हिशेबनीस काकांनी मला हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही.

उत्तर साधनांमध्ये आहे. मी आकडे गूगल शीट्समध्ये साफ करते. सरळ स्तंभालेख, रेषालेख, तालुक्यांचे नकाशे डेटारॅपरमध्ये करते, आणि नेहमीपेक्षा वेगळा प्रकार हवा असेल तर रॉग्राफ्समध्ये. मिलानच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून आलेलं हे मुक्त साधन आकडे आपल्याच ब्राउझरमध्ये हाताळतं, बाहेर पाठवत नाही, त्यामुळे मुलांच्या माहितीसाठी मला ते बरं वाटतं. फ्लरिश या आणखी एका आलेख-साधनाच्या फुकट खात्यावर प्रकाशित केलेल्या आलेखामागचे आकडे कुणालाही दिसू शकतात, म्हणून असल्या कामाला मी ते वापरत नाही. इथपर्यंत आलेख आणि आकडे एकमेकांना जोडलेले असतात. बदललेला आकडा साधनात भरला की ते आलेख स्वतःच नव्याने काढतं.

छापील अहवालाला मात्र एवढं पुरत नाही. आलेख एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे त्यातली प्रत्येक रेष आणि अक्षर वेगळं हलवता येईल असा, बाहेर काढून मी तो इंकस्केप या चित्रं काढायच्या साधनात हाताने पूर्ण करते. (डेटारॅपरच्या फुकट खात्यात पीएनजी, म्हणजे फोटोसारखं सपाट चित्रच मिळतं, एसव्हीजीसाठी पैसे भरावे लागतात, म्हणून छपाईची कामं बहुतेक रॉग्राफ्समधून जातात.) "फिरते वाचनालय, शहापूर" असलं लांब नाव स्तंभाच्या आत बसवायचं की बाहेर, कुठला आकडा ठळक करायचा, कुठे टीप जोडायची हे कोणतंही साधन मनासारखं करत नाही. पण ज्या क्षणी आलेख इंकस्केपमध्ये गेला त्या क्षणी आकड्यांशी त्याचं नातं तुटलं. आता तो नुसतं चित्र आहे. स्तंभ आखूड झाला तर त्याच्या आतलं नाव मावत नाही, ते बाहेर काढलं तर शेजारची टीप सरकते.

देवनागरीमुळे हे नातं आणखी एकदा तुटतं. अहवालाची पानं लावणाऱ्याकडे माझा फॉन्ट नसला, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसली, की "विद्यार्थी"तला रफार सुटून वेगळा पडतो आणि "शिक्षण"मधली पहिली वेलांटी श च्या मागे जाऊन बसते. पहिल्या वर्षी एका आलेखात तसं झालं आणि छापायच्या आदल्या दिवशी ते सापडलं. म्हणून शेवटची फाइल देताना मी सगळी अक्षरं आकारांमध्ये बदलून देते. त्यानंतर वेलांटी हलत नाही, पण त्या फाइलमधला ७ पुसून ८ टाइपही करता येत नाही, कारण तिथे अक्षर उरलेलंच नसतं. मागच्या फाइलवर जायचं, तिथे बदल करायचा, पुन्हा आकार करायचे, दोन्ही भाषांच्या पीडीएफ काढायच्या, तपासायच्या, पाठवायच्या. नुसता एक आकडा बदलायला यात साधारण पाऊण तास जातो. स्तंभाची लांबी किंवा मांडणी बदलली तर दीड तास.

हे एकदा कागदावर मांडल्यावर मला कळलं की "दोन दुरुस्त्या मोफत" असली सरसकट मर्यादा माझ्या उपयोगाची नव्हती. नातं तुटण्याआधीच्या दुरुस्त्या स्वस्त आहेत आणि नंतरच्या महाग, त्यामुळे मर्यादेची रेघ तिथेच ओढायला हवी होती.

पुढच्या वर्षी त्याच संस्थेने बोलावलं तेव्हा मी नवीन कोटेशन घेऊन ठाण्याहून वाशीची गाडी पकडली. पोटात गोळा होता. बारा आलेख आणि दोन पानी इन्फोग्राफिक होतं. तासाला ८०० रुपये धरून मी प्रत्येक गोष्ट वेगळी मांडली होती: आकड्यांच्या तपासणीचे ६,०००, आलेखाला २,८०० प्रमाणे ३३,६००, इन्फोग्राफिकचे ९,००० आणि दुसऱ्या भाषेसाठी आलेखामागे ५०० प्रमाणे ६,०००. एकूण ५४,६००.

काका पहिल्याच ओळीवर थांबले. "तपासणीचे पैसे कशाचे? आकडे तर आमचेच आहेत."

मी लॅपटॉप उघडून मागच्या वर्षीची शीट काढली. मुलांची नावं नव्हती, फक्त प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक पहिल्या रकान्यात होता. मी दोन सूत्रं लिहिली:

```
=COUNTA(A2:A)
=COUNTUNIQUE(A2:A)
```

पहिलं सूत्र भरलेल्या ओळी मोजतं, दुसरं वेगवेगळे क्रमांक. पहिल्याचं उत्तर आलं १,१८,४६० आणि दुसऱ्याचं ९७,३१५. काका थोडा वेळ बघत राहिले. ऑगस्टमध्ये जो फरक सापडला तो जूनमध्येच, पहिल्या दिवशी सापडू शकला असता. तो मी शोधला नव्हता, कारण मला त्याचे पैसे मिळत नव्हते म्हणून नव्हे, तर ते माझं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. आता तपासणी हा कामाचा पहिला टप्पा असतो आणि त्याला एक दिवस लागतो. दुबार नोंदी शोधायच्या, एकाच गोष्टीच्या दोन याद्यांमधल्या बेरजा जुळतात का ते बघायचं, टक्केवारी कशातून काढली आहे ते विचारायचं, आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य की माहितीच नाही हे लिहून घ्यायचं.

तपासणीच्या शेवटी मी एक पत्रक करते. अहवालात छापला जाणार असा प्रत्येक आकडा, तो कोणत्या शीटमधून आला, कोणत्या तारखेपर्यंतचा आहे आणि कोणी मान्य केला, एवढेच रकाने. संस्थेतली एक ठरलेली व्यक्ती त्यावर सही करते. त्या दिवसानंतर आकडे गोठले असं आम्ही धरतो. त्या वर्षी सही व्हायला अकरा दिवस लागले. ताई रोज फोन करून आज होईल, उद्या होईल म्हणायच्या. मी काम सुरू केलं नाही. मला ते फार अवघड गेलं, कारण मोकळं बसणं म्हणजे मुदत जवळ येणं. पण त्या अकरा दिवसांत त्यांच्याच कार्यालयात तीन चुका सापडल्या.

त्यानंतर कच्चे आलेख जातात, एकाच करड्या रंगात, साध्या फॉन्टमध्ये, अजून आकड्यांशी जोडलेले. "रेषालेख नको, स्तंभ करा", "हे दोन एकत्र करा" हे सगळं इथे बोलायचं. रंग मुद्दाम देत नाही, नाहीतर बैठक रंगावरच संपते. या टप्प्यावर एक फेरी. ते मान्य झालं की हाताने पूर्ण करणं, आणि त्यावर दोन फेऱ्या. एक फेरी म्हणजे एकाच व्यक्तीने सगळ्यांचं म्हणणं गोळा करून पाच कामाच्या दिवसांत पाठवलेली एकच यादी. रात्री व्हॉट्सॲपवर आलेला "अजून एक" त्या यादीत जातो. दोनच फेऱ्या ठेवण्याचं कारणही माझ्या नोंदीत होतं: तिसऱ्या फेरीत बहुतेक वेळा पहिल्या फेरीतलाच बदल मागे घेतला गेला होता.

आकडे गोठल्यावर संस्थेकडून आकडा बदलला तर नुसत्या आकड्याचे आलेखामागे ६०० आणि आकार बदलला तर १,२००. पाऊण तास आणि दीड तासाचा हा हिशेब आहे. माझ्या हातून आकडा चुकला असेल तर काहीही नाही, कितीही वेळा. हे वाक्य कोटेशनमध्ये लिहिल्यापासून बाकीच्या अटींवरची कुरकुर बरीच कमी झाली.

पैसे तीन हप्त्यांत घेते. कामाच्या आधी ४० टक्के, कच्चे आलेख मान्य झाल्यावर ३० आणि शेवटच्या फाइली देण्याआधी उरलेले ३०.

एक प्रकारची दुरुस्ती मात्र मी कोणत्याही फेरीत करत नाही. त्याच अहवालात शाळेतली हजेरी तीन वर्षांत ७८, ८१ आणि ८४ टक्के अशी वाढली होती. शून्यापासून सुरू होणारे तीन स्तंभ जवळजवळ सारखेच दिसत होते. "आमच्या कामाचा परिणाम दिसतच नाही यात," असं विश्वस्तांपैकी एकांना वाटलं आणि त्यांनी अक्ष ७५ पासून सुरू करायला सांगितला. तसं केलं तर पहिला स्तंभ तीन एककं उंच होतो आणि शेवटचा नऊ. म्हणजे बघणाऱ्याला हजेरी तिप्पट झाली असं दिसेल. स्तंभालेखात डोळा लांबीच वाचतो, अक्षावरचा बारीक ७५ कोणी वाचत नाही. मी ताईंना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाठवली आणि सोबत तिसरं, रेषेचं, ज्यात अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो कारण तिथे उंची नाही तर चढ वाचला जातो. वर ठळक अक्षरांत लिहिलं, "तीन वर्षांत हजेरी ६ टक्के-बिंदूंनी वाढली." ते छापलं गेलं. ही मांडणीतली दुरुस्ती म्हणून एका फेरीत मोजली, जादा पैसे घेतले नाहीत.

त्या वर्षी गोठवल्यानंतर तीन आलेख बदलले, दोन नुसत्या आकड्यांचे आणि एक आकाराचा. २,४०० रुपये जादा झाले, एकूण ५७,०००. तास लागले ७१. काकांनी त्या २,४०० चं बिल दोन दिवसांत मंजूर केलं आणि फोनवर विचारलं, "हे तीन कोणामुळे बदलले ते लिहून देशील का? मला आत दाखवायचंय."

वृत्तपत्रिकांचं गणित याच्या उलट असतं. ईमेलने जाणाऱ्या पत्रिकेत जिवंत, हलणारे आलेख चालत नाहीत, आणि जीमेलमध्ये एसव्हीजीही दिसत नाही. पीएनजीच द्यावी लागते. त्यामुळे तिथे हाताने पूर्ण करण्याचा टप्पाच मी ठेवत नाही. आलेख डेटारॅपरमध्येच आकड्यांशी जोडलेला राहतो, दुरुस्ती आली की आकडा बदलून पुन्हा पीएनजी काढते. म्हणून दर १,५०० रुपये, एक फेरी, आणि पत्रिका निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आकडा बदलला तरी जादा काही नाही.

तिथली चूक वेगळीच असते आणि ती संगणकावर दिसत नाही. ईमेलची रुंदी साधारण ६०० पिक्सेल धरतात, चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मी दुप्पट, १२०० पिक्सेलचं काढते. ते फोनवर सुमारे ३६० पिक्सेलच्या जागेत मावतं. म्हणजे सगळं ०.३ पट होतं. संगणकावर चांगलं दिसणारं २४ पिक्सेलचं अक्षर फोनवर ७ पिक्सेलचं राहतं आणि जोडाक्षरांचे डाग दिसतात. फोनवर निदान १२ हवं असेल तर मूळ चित्रात ४० ठेवावं लागतं, आणि ४० ठेवलं की बारा तालुक्यांची नावं मावत नाहीत. मग सहाच तालुके दाखवायचे आणि बाकीचे एका ओळीत सांगायचे, हे संपादकाला आधीच पटवावं लागतं. आणि चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची नाही. ज्यांचा फोन काळ्या पडद्यावर असतो त्यांना काळी अक्षरं काळ्यावर दिसत नाहीत. ठाण्यातल्या एका पत्रिकेसाठी माझ्याकडून हे झालं होतं, वाचकाने पाठवलेल्या फोटोत नुसतेच रंगीत पट्टे होते आणि एकही नाव नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक आलेख मी आधी स्वतःला मेल करते आणि आईच्या जुन्या फोनवर, काळ्या पडद्यात, चष्मा न लावता वाचते.

सगळ्यांना ही पद्धत पटते असं नाही. गेल्या वर्षी बेलापूरच्या एका कंपनीने आकडे गोठवायच्या अटीला साफ नकार दिला. त्यांचे तिमाही आकडे शेवटच्या रात्रीपर्यंत हलणार होते आणि ते त्यांच्या हातातही नव्हतं. तिथे मी आलेखागणिक दर सांगितलाच नाही. तासाला ८०० आणि किमान वीस तास, असं सांगितलं, आणि सगळे आलेख जोडलेल्या अवस्थेतच ठेवले, हाताची सजावट नाही. पानं थोडी साधी दिसली. काम वेळेवर गेलं.

वाशीच्या संस्थेची यंदाची शीट गेल्या आठवड्यात आली. चहा ठेवला आणि तीच दोन सूत्रं लिहिली. फरक आला ४१२. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "थांब, त्या भिवंडीच्या दोन केंद्रांच्या याद्या असणार. मी आजच बघते, सही त्यानंतरच करते."